मनुबाईचं स्वस्त तेल

उंब्रजच्या स्टँडजवळ वडापच्या, म्हणजे माणशी पैसे घेऊन नेणाऱ्या, जीपा जिथं थांबतात, त्याच्या अगदी समोर मनुबाईचं किराणा दुकान. दुकान कसलं, एक गाळा. पुढं दगडी पायरी, पायरीला लागून लाकडी काउंटर आणि काउंटरमागं मनुबाई. गिऱ्हाइकानं पायरीवर उभं राहायचं, काय पाहिजे ते सांगायचं, आणि मनुबाईनं मान न वळवता हात मागं नेऊन बरोबर तोच डबा काढायचा. नवखं माणूस बघतच राहायचं. तिला त्यात काही विशेष वाटायचं नाही. स्वतःच्या स्वयंपाकघरात मीठ कुठं आहे हे कुणी शोधत बसतं का, असं ती म्हणायची.

लालासाहेब, म्हणजे तिचा नवरा, होता तेव्हा दुकानात तो बोलायचा आणि ती घरात राबायची. गडी फार बोलका. साबण घ्यायला आलेल्या माणसाला तो गप्पांच्या नादात गूळ, चहा आणि उदबत्ती बांधून द्यायचा, आणि माणूस खूश होऊन जायचा. एका उन्हाळ्यात तो छाती धरून बसला तो परत उठला नाही. पोरगा जयराज तेव्हा शाळेत होता. भावकी धरून चालली होती की बाई महिन्याभरात दुकानाला कुलूप घालणार. मनुबाईला तेव्हा सुपारीची पुडीसुद्धा नीट बांधता येत नव्हती. तेराव्यानंतर ती दुकानात येऊन बसली आणि बसलीच. बोलणं तिला कधी जमलं नाही, पण माप चोख आणि माल निवडलेला. तूरडाळीत खडा सापडला असं मनुकाकीच्या गिऱ्हाइकानं कधी म्हटलं नाही. दुकानदाराला शोभणार नाही असा एकच दोष तिच्यात होता. तिला समोरच्याला नाही म्हणता येत नसे. शब्द ओठापर्यंत यायचा आणि तिथंच विरायचा.

किराणा दुकान पाच-दहा रुपयांच्या सुट्या गिऱ्हाइकावर चालत नाही. ते चालतं महिन्याच्या बाजारावर. पगार झाला, पेन्शन आली, दुधाचं बिल निघालं की घराघरांतून यादी यायची. साखर, तेल, डाळी, पोहे, साबण, चहा, सगळं एका पोत्यात भरून ती ठेवायची. पोतं उचलणारी अशी बरीच घरं तिच्याकडं होती, आणि त्यांच्या जीवावर जयराज कॉलेजात गेला, त्याचं लग्न झालं, रेश्मा सून म्हणून घरात आली.

मग कराडजवळच्या मलकापुरात मार्ट झालं. हायवेला लागून, काचेचं, आत थंडगार. जयराजला तिथं सुपरवायझरची नोकरी लागली तेव्हा मनुबाईनं दुकानात येईल त्याला पेढा दिला. आपण कशाचे पेढे वाटतोय हे त्या बिचारीला कुठून कळणार? पेढा खाल्लेली घरं एकेक करून त्याच मार्टाला जायला लागली. कुणी भांडून गेलं नाही. कुणी दुसरीकडं जातो असं सांगितलंही नाही. यादी यायची थांबली, इतकंच. वाटेत भेटली की तीच माणसं मायेनं विचारपूस करायची आणि मनुबाईही हसून बोलायची. घरी आल्यावर मात्र तिला जेवण जायचं नाही.

गाळा शंभूराजचा. तो लालासाहेबाच्या ओळखीतला, मनानं वाईट नाही. पण गाळ्याचं भाडं आता दुकानातून निघत नव्हतं, जयराजच्या पगारातून जात होतं, हे त्याला दिसत होतं. एका मोबाईलवाल्यानं त्याच्याकडं हाच गाळा मागितला होता. एक दिवस तो पायरीवर येऊन उभा राहिला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि शेवटी म्हणाला, "काकी, दिवाळीच्या पाडव्यापतुर बघा. महिन्याचा बाजार परत आला तर मी काय बोलत न्हाई. न्हाईच आला, तर मग मलाबी प्रपंच हाय."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. दुकान गेलं तर खायचे वांधे होणार नव्हते. जयराज होता. पण काउंटरमागं बसली की ती सगळ्या गावाची मनुकाकी होती. घरात बसली की ती जयराजची आई, तीसुद्धा टीव्हीसमोरची. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही. तिला दुकान हवं होतं, अगदी पोटतिडकीनं हवं होतं, आणि पाडवा पावसाळ्यापलीकडं येऊन थांबला होता.

जयराजच्या सुट्टीच्या दिवशी जेवताना विषय निघाला.

"आई, मार्टात तेल कसं इकत्यात ठाऊक हाय का तुला?" तो म्हणाला. "तोट्यात."

मनुबाईला वाटलं पोरगा चेष्टा करतोय. "तोट्यात इकून एवढी काच कशी बसवली मग?"

"तीच तर गंमत हाय. साबणाचा भाव कुणाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई. जिऱ्याचा तर न्हाईच. पण तेलाच्या पिशवीचा भाव समद्या बायकांना पाठ असतोय. तेल स्वस्त म्हणलं की माणूस म्हणतोय, हितं समदंच स्वस्त असणार. तेल ठेवत्यात पार मागच्या कोपऱ्यात. तितवर जाईस्तवर वाटेत बिस्किट, मसाला, शाम्पू, डबे. माणूस तेलाला म्हणून येतोय आणि गाडा भरून घिऊन जातोय. तेलात घालवलेलं मसाल्यात आन् साबणात निघतंय, वर उरतंय."

रेश्मा वाढता वाढता थांबली. तिचं बी.कॉम. झालेलं, पण तिला घरात कुणी व्यापाराचं विचारत नसे. "आत्ती, मग आपुनबी करून बघूया की. तेलच. तेल तर समद्यांनाच लागतंय."

"साखर का न्हाई?" मनुबाईनं विचारलं.

"साखर कोण घेईल? निम्म्या गावाला कारखान्याची सभासदाची साखर मिळती."

ते मनुबाईला पटलं. जयराज म्हणाला, "पाडव्यापतुर ताणायचं. एकदा माणसं तेलाला यायला लागली की यादी आपसूक येती." हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावर लालासाहेबाचा उत्साह होता, आणि मनुबाईला तो चेहरा बघूनच अर्धं पटलं.

कराडच्या पेठेत मगदूम आडनावाचा ठोक व्यापारी आहे, त्याचं नाव अतिशय. त्याच्या वडिलांपासून लालासाहेब त्यांच्याकडूनच माल उचलायचा. मनुबाईनं सोयाबीन तेलाचे इतके बॉक्स सांगितले की अतिशयनं लेखणी खाली ठेवली.

"काकू, लग्नकार्य आहे का?"

"न्हाई बाबा. दुकानातच इकणार."

मनुबाईनं विकायचा भाव सांगितला. "मी तुम्हाला देतोय त्याच्याहून खाली विकणार? काकू, तेलात आधीच पिशवीमागं चहाइतकंसुद्धा सुटत नाही. मार्टवाल्यांना हे परवडतं, त्यांच्याकडं बाकीचा माल तेवढा खपतो. तुमचा बाकीचा माल खपला नाही तर?"

"त्यो खपावा म्हणून तर करतोय न्हवं," मनुबाई म्हणाली. अतिशयनं माल पाठवला.

रेश्मानं खडूनं फळ्यावर तेलाचा भाव लिहिला, व्हॉट्सॲपवर गावाच्या ग्रुपला टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर माणसं. मनुबाईला क्षणभर वाटलं, काही अघटित घडलंय की काय. तेल घेताना लोक हसत होते, बोलत होते, "मनुकाकीनं कमाल केली" म्हणत होते. जी तोंडं वर्षभर लांबून दिसत होती ती काउंटरवर आली होती. तिचे हात पुन्हा पहिल्यासारखे चालायला लागले. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली आणि लालासाहेबाच्या फोटोला ताजा हार घातला.

पहिला आठवडा असाच आनंदात गेला. दुसऱ्यात तिला जाणवलं की मागच्या फळ्या तशाच भरलेल्या आहेत. डाळीचे डबे हलले नव्हते, साबणाची थप्पी जशीच्या तशी, चहाच्या पुड्यांवर धूळ. रोज बॉक्स फुटत होते ते फक्त तेलाचे.

का, ते तिला क्रांतीनं समजावलं, म्हणजे समजावायचा तिचा काही इरादा नव्हता. क्रांती अंगणवाडीची बाई, मनुबाईवर तिचा खरंच जीव. महिन्याच्या सुरुवातीला ती वडापमधून उतरली तेव्हा दोन्ही हातांत मार्टाच्या गच्च भरलेल्या पिशव्या. त्या पायरीवर टेकवून, घाम पुसत ती म्हणाली, "काकी, तेल द्या वो."

मनुबाईची नजर पिशव्यांवर गेली. वरच्या बाजूला पोह्याचा पुडा आणि तूरडाळ दिसत होती.

"तितं तेल न्हवतं काय?" तिनं विचारलं.

"हुतं की. पण म्हटलं, तेल तेवढं तुमच्याकडनंच घ्यायचं. एक तर स्वस्त, आन् तितनं वजन उचलून आणायला नको. दारातच मिळतंय." आणि मग अगदी मनापासून, "तुमचं दुकान चाललं पाहिजे काकी. आमी हाय की तुमच्या पाठीशी."

क्रांतीनं उपकार केल्याच्या समाधानात पिशव्या उचलल्या. मनुबाई तशीच बसली. आपण मार्टाच्या बाजारात राहिलेली एक जागा भरून देतोय, तीसुद्धा पदरमोड करून, हे तिला त्या दुपारी कळलं. क्रांतीचा राग येईना. राग यावा असं ती काही वागलीच नव्हती.

रात्रीपर्यंत वाट न बघता तिनं जयराजला फोन केला. तो म्हणाला, "आई, माणसं आत येत न्हाईत तितंच चुकतंय. पायरीवरनंच तेल घिऊन माघारी. त्यांना फळीपतुर आणलं पायजे." सुट्टीला त्यानं काउंटर एका बाजूला सरकवला, आत चालायला वाट केली, तेल पार मागच्या भिंतीला लावलं आणि हातात धरायला प्लास्टिकच्या टोपल्या आणल्या. मार्टासारखंच, फक्त लहान.

पण हे उंब्रजचं दुकान होतं. माणसं पायरीवर चपला काढून उभी राहायची, कारण समोर लक्ष्मीचा फोटो आणि लालासाहेबाचा फोटो. आत यायला कुणी धजेना. दुसऱ्याच्या दुकानात जाऊन आपल्या हातानं फळीवरचं काढायचं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटतं, असं एका म्हातारीनं सरळ सांगितलं. हीच म्हातारी मार्टात गाडा ढकलत फिरताना जयराजनं बघितली होती. तिथं ती मालकाला ओळखत नव्हती, म्हणून तिला लाज नव्हती. इथं समोर मनुबाई होती. शेवटी व्हायचं तेच झालं. लोक पायरीवरूनच हाक द्यायचे आणि मनुबाई लांब आत चालत जाऊन, तेल घेऊन, चालत परत यायची. दिवसभराच्या हेलपाट्यांनी तिचे गुडघे सुजले. जयराजला सांगून तिनं काउंटर परत जागेवर आणवला.

मग रेश्मानं तोडगा काढला. "आत्ती, दुसरं कायतरी घेतलं तरच स्वस्तात तेल, असं म्हना. मार्टातबी कवातरी तसं करत्यात." फळ्यावर तसं लिहिलंही. पहिलाच आला तो धुळा. मेंढरं राखून म्हातारा झालेला, एकटाच राहणारा माणूस. त्याला वाचता येत नव्हतं. मनुबाईनं चाचरत, डोळे खाली ठेवून नवा नियम सांगितला.

"व्हय गं," धुळा म्हणाला आणि विचारात पडला. खिशातली नोट त्यानं उलटीपालटी केली. "मग काय घिऊ म्हंतीस? मला तर काय लागत न्हाई." त्यानं काउंटरवरची काड्यापेटी उचलली आणि विचारलं, "ह्ये चालंल?"

मनुबाईनं त्याला तेल दिलं. काड्यापेटीचे पैसेही घेतले नाहीत. मागं उभ्या असलेल्यांनी ते बघितलं, आणि पुढच्या बाईला नियम सांगायचं तोंड तिला राहिलं नाही. संध्याकाळी रेश्मानं फळ्यावरची ती ओळ हातानं पुसून टाकली. सासूला एक शब्द बोलली नाही, आणि मनुबाईला वाटलं की पोरीनं चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं.

तरी तिनं सोडलं नाही. एखाददुसरं घर तेलाबरोबर साबण न्यायला लागलं होतं. एका घरानं खरोखर यादी पाठवली, अर्धीच, पण पाठवली. मनुबाई त्या अर्ध्या यादीला धरून बसली. दसरा होऊन गेला होता. दिवाळीच्या फराळाला घरोघरी तेल लागतं, त्या एका आठवड्यात वर्षाचा धंदा होतो. फराळाचं तेल न्यायला माणसं येतील, बेसन, रवा, मैदा, पोहे इथूनच बांधून नेतील, पाडव्याला शंभूराजला दाखवायला काहीतरी असेल, असा तिचा हिशेब. तिनं अतिशयकडून आणखी बॉक्स उचलले.

घाव कुठून येणार हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मार्टाचा मालक उदयसिंह, सुपने गावाकडच्या बागायतदाराचा पोरगा. बोलायला गोड, शिकलेला. दिवाळीच्या आधी त्यानं आसपासच्या गावांत माणसं पाठवली. कुठल्या दुकानात काय भाव चाललाय ते बघून यायचं, हे सगळीच मोठी दुकानं करतात. उंब्रजला गेलेल्या पोरानं फळ्याचा फोटो काढून आणला. उदयसिंहनं जयराजला केबिनमध्ये बोलावलं आणि मोबाईल पुढं केला.

"हे तुमच्या उंब्रजचं ना? कुणाचं दुकान आहे?"

जयराजनं खरं सांगितलं. खोटं बोलून काय झालं असतं? आजूबाजूला सगळे ओळखणारेच होते. उदयसिंहला खरंच वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, "जयराज, मी कुणाच्या घरावर नाही उठलो. पण उंब्रजची माणसं आपल्याकडं सगळं घेतात आणि तेल तेवढं सोडतात, ते का हे आता कळलं. तेल सोडलं की उद्या बाकीचंही सोडतील." आणि दिवाळीसाठी त्यानं तेलाचा भाव मनुबाईच्या फळ्याच्याही खाली आणला. रिक्षावर कर्णा लावून ते उंब्रजमध्येही ओरडलं गेलं. रिक्षा वडापच्या थांब्यावर, मनुबाईच्या पायरीसमोर, चांगली उभी राहिली.

जयराजनं घरी येऊन सगळं सांगितलं. सांगताना तो आईकडं न बघता शर्टाचं बटण चाळवत होता. "सोडू का नोकरी?" त्यानं विचारलं.

"आन् खाणार काय? माझं तेल?" मनुबाई म्हणाली. तिला हे हसून म्हणायचं होतं, पण हसू आलं नाही. पोराचं काही चुकलेलं नव्हतं. उदयसिंहचंही काही चुकलेलं नव्हतं. कुणाचंच चुकलेलं नसताना आपण बुडतोय, हे तिला सगळ्यात जड जात होतं. भांडायला कुणीतरी समोर लागतं.

फळ्यावरचा भाव आणखी उतरवणं आता तिच्या ताकदीबाहेर होतं. वर चढवला तर गाव म्हणणार, मनुकाकीनं सणात कापलं. भाव तसाच राहिला आणि पायरी रिकामी झाली. तेलालासुद्धा कुणी येईना. ती अर्धी यादीही आली नाही. उरलेले बॉक्स तिनं निम्म्या भावात शाळेच्या खिचडीच्या बाईला देऊन टाकले, निदान त्या पैशातून अतिशयची उधारी भागेल म्हणून.

आणि वसुबारसेला, काय मनात आलं कोण जाणे, वडापनं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पुन्हा तेल विचारायला सुरुवात केली. मार्टात गर्दीनं उभं राहायला जागा नव्हती, दारातच मिळालं तर बरं. बेसन पण घेऊ म्हणाले दोघं-तिघं, तेल असेल तर. मनुबाईच्या फळीवर एक पिशवी नव्हती. तिनं अतिशयला फोन लावला.

"काकू, खरं सांगू?" तो म्हणाला. "मार्ट ज्या भावात विकतंय त्या भावात मला कंपनीकडून मिळत नाही. पेठेतले लहान दुकानदार तिथूनच उचलायला लागलेत. तुम्हीही तसंच करा. माझ्याकडचं घेऊन आणखी बुडू नका." स्वतःचं गिऱ्हाईक स्वतः दुसरीकडं पाठवताना त्याचाही आवाज उतरला होता.

मनुबाई रेश्माला घेऊन वडापमध्ये बसली. मार्टाच्या दारावर लिहिलं होतं, एका बिलावर तेलाच्या दोनच पिशव्या. दोघी आहोत, दोनदा फिरू, रेश्मा म्हणाली. मनुबाई पहिल्यांदाच आत गेली होती. नोकरी लागल्यापासून जयराज बोलवत होता, पण दुकान सोडून यायला तिला जमलं नव्हतं. टोपली हातात घेऊन ती तेलाकडं चालायला लागली. तेल पार मागं होतं. वाटेत जिऱ्याचे पुडे लागले, छान साफ केलेले. तिनं सवयीनं एक उचलून बघितला, निवड चांगली होती, आणि टोपलीत टाकला. मग चहाची गाळणी, घरातली फाटलीच होती. मग नातवंडं नसतानाही बिस्किटाचे तीन पुडे, कारण दोनावर एक फुकट होता. तेलापर्यंत पोचेस्तोवर टोपलीला वजन आलं होतं, आणि आपण हे कशाला घेतलं ते तिला आठवेना. यातली एकूणएक वस्तू तिच्या स्वतःच्या फळीवर होती. गाळणीसुद्धा, वरच्या खिळ्याला.

तेलाच्या दोन पिशव्या वर ठेवून ती बिलाच्या रांगेत आली. गर्दी म्हणून जयराज स्वतः बिलाला बसला होता. शेजारी उदयसिंह उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला दिवाळीच्या शुभेच्छा देत होता. जयराजनं मान वर केली आणि आईला बघितलं. त्याचा हात यंत्रावर तसाच राहिला.

दुकानदारांना ऑफरचं तेल द्यायचं नाही, असा हुकूम त्या सकाळीच निघाला होता, आणि तशी चिठ्ठी बिलाच्या यंत्राजवळ चिकटवली होती. पेठेतल्या दोन दुकानदारांना जयराजनंच परत पाठवलं होतं. उदयसिंहनं मनुबाईला ओळखलं नव्हतं. त्याच्या लेखी ती कुणीतरी म्हातारी होती, चार वस्तू घेणारी. जयराज गप्प बसला असता तर तेल मिळालं असतं. पण मागं रांगेत त्या परत पाठवलेल्यांतला एक दुकानदार बायकोला घेऊन उभा होता, आणि तो उंब्रजच्या मनुबाईला चांगला ओळखत होता. नुसता बघत राहिला, आता काय होतंय ते.

जयराजची नजर यंत्राजवळच्या चिठ्ठीवर गेली. मनुबाईनं त्याच्याकडं बघितलं, मागं बघितलं, आणि तिला सगळं कळलं. आयुष्यभर जो शब्द तिच्या तोंडात बसला नव्हता तो पोराला म्हणायला लागू नये, म्हणून तिनं स्वतःच तेलाच्या पिशव्या टोपलीतून काढून बाजूला ठेवल्या.

"तेल नको मला," ती म्हणाली. "बाकीचं कर."

जयराजनं जिरं, गाळणी आणि बिस्किट यंत्रावरून फिरवलं. यंत्र प्रत्येक वेळी टुंग वाजलं. "पिशवी हवी का?" त्यानं विचारलं. हे प्रत्येकाला विचारावं लागायचं. ती हो म्हणाली की नाही हे तिला नंतर आठवलं नाही, पण सामान मार्टाच्या पिशवीत आलं.

रांगेत मागं असलेल्या रेश्मानं आपल्या टोपलीतलं तेल परत फळीवर नेऊन ठेवलं. वडापमध्ये दोघी एकमेकींना लागून बसल्या. रेश्मानं सासूचा हात हातात घेतला, तोही मनुबाईला सोडवेना आणि धरवेना.

उंब्रजला उतरल्या तेव्हा पायरीवर क्रांती उभी होती, आणखी दोन बायका तिच्याबरोबर. बेसनाची, रव्याची, पोह्याची चिठ्ठी क्रांतीच्या हातात होती. "आलासा व्हय काकी," ती म्हणाली. "मार्टात पाय ठेवाय जागा न्हाई. म्हटलं, औंदा समदं मनुकाकीकडनंच घिऊ. तेल आधी द्या."

मनुबाई कुलूप काढायला वाकली. मार्टाची पिशवी तिच्या हातात होती. ती बायकांनी बघितली, आणि बघून न बघितल्यासारखं केलं.

"तेल न्हाई," मनुबाई म्हणाली.

बायका थोडा वेळ घुटमळल्या. तेलासाठी मलकापूरला जावंच लागणार असेल, तर बाकीचं तरी इथून कशाला, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. क्रांतीनं चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये ठेवली, "बरं काकी, बघतो," म्हणाली आणि समोर उभ्या असलेल्या कराडच्या जीपमध्ये तिघी चढल्या. मनुबाईनं दुकान उघडलं, दिवा लावला, आणि पाडव्याला अजून वेळ असतानाही रेश्माला सांगितलं की गाळ्याचं मिटवायला शंभूराजला येऊन जा म्हणावं.